डोमेनवरचं नाव झाकायचे पैसे: आधी सातबारा कोणाच्या नावावर आहे ते बघा

प्रश्न: गुहागर तालुक्यात आमच्या राहत्या घरातच होमस्टे आहे, तीन खोल्यांचा. वेबसाइटसाठी महिन्यापूर्वी एक डॉट कॉम आणि एक डॉट इन अशी दोन नावं घेतली. तेव्हापासून 'वेबसाइट बनवायची आहे का' असे फोन येतायत. ज्याने नावं काढून दिली तो म्हणतो, प्रायव्हसी प्रोटेक्शन घ्या, वर्षाला दोन्हींचे मिळून १,१८० रुपये. त्याने नक्की काय लपतं, आणि पैसे द्यावेत का?

डॉट इनचे ५९० देऊच नका, का ते खाली सांगतो. डॉट कॉमचे द्यायचे का हे तुम्ही स्वतः दोन मिनिटांत तपासू शकता, आणि बहुधा उत्तर 'नको' असंच येईल. पण मला फोनपेक्षा तुमचे दुसरेच शब्द जास्त खटकले: 'ज्याने नावं काढून दिली'. माझ्याकडे रडत आलेल्या लोकांपैकी निम्म्यांची गोष्ट याच शब्दांनी सुरू होते.

डोमेनची नोंद म्हणजे सातबाराच समजा. नाव कोणाच्या नावावर आहे, कधी घेतलं, मुदत कधी संपते, हे कोणीही मागितलं तर दाखवायचं, ही पद्धत १९८२ पासूनची. तिला 'हूइज' म्हणतात. डॉट कॉमच्या बाबतीत एक गंमत आहे. त्याचं मुख्य दप्तर सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीकडे मालकाचं नावच नसतं. तिच्याकडे डोमेन, तारखा, नेमसर्व्हर, म्हणजे साइट कुठे सापडेल ते सांगणारे संगणक, आणि 'हे अमुक रजिस्ट्रारकडून, म्हणजे नावं विकणाऱ्या कंपनीकडून, घेतलंय' एवढंच. मालकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल असतं ते रजिस्ट्रारकडे. तुमच्या माणसाने बहुतेक एखाद्या मोठ्या रजिस्ट्रारचा रिसेलर म्हणून नाव घेतलं असणार, म्हणजे तो तलाठी नव्हे, कचेरीबाहेर अर्ज भरून देणारा माणूस.

मे २०१८ पर्यंत ही सगळी माहिती उघडी होती. तुम्ही राहत्या घरचा पत्ता आणि स्वतःचा मोबाइल दिलात की तो जगातल्या कोणालाही दिसायचा. त्या काळात मी स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रायव्हसी घ्यायला लावत होतो, आणि ते पैसे खरंच वसूल होत होते. मग युरोपात लोकांची खासगी माहिती जपणारा जीडीपीआर कायदा आला. तो २५ मे २०१८ ला लागू झाला, आणि त्याच्या आठवडाभर आधी आयकॅनने, म्हणजे डॉट कॉमसारख्या नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, घाईघाईने तात्पुरता नियम काढला: माणसाचं नाव, रस्ता, गाव, पिनकोड, फोन हे उघड दाखवायचं नाही, ईमेलच्या जागी फॉर्म किंवा निनावी पत्ता द्यायचा. सक्ती युरोपशी संबंधित नावांपुरती होती. पण कोण युरोपातला आणि कोण नाही हे लाखो नोंदींतून निवडत कोण बसणार? बहुतेक रजिस्ट्रारांनी सरसकट सगळ्यांचंच झाकलं. कोणाला काही न विचारता, फुकट. म्हणजे जी गोष्ट आज बहुतेक ठिकाणी आपोआप होते, तीच तुम्हाला ५९० रुपयांना विकली जात असण्याची शक्यता मोठी आहे.

तपासा कसं? `lookup.icann.org` वर जाऊन तुमचं डॉट कॉम टाका. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी हूइज चालवण्याची सक्ती आयकॅनने काढली आणि त्याच्या जागी 'आरडॅप' नावाची नवी व्यवस्था आली, हे पान तीच वापरतं. लोक बोलताना अजून हूइजच म्हणतात. तिथे मालकाच्या भागात साधारण असं दिसलं, तर तुमचं आधीच झाकलेलं आहे:

```
Registrant Name: REDACTED FOR PRIVACY
Registrant Street: REDACTED FOR PRIVACY
Registrant State/Province: Maharashtra
Registrant Country: IN
Registrant Phone: REDACTED FOR PRIVACY
```

मांडणी रजिस्ट्रारप्रमाणे थोडी बदलते. कुठे हे शब्द दिसतात, कुठे ते रकानेच गायब असतात. राज्य आणि देश मात्र दिसणारच. 'महाराष्ट्र, भारत' यावरून तुमचं घर कोणी शोधून काढत नाही. तिथे तुमचं नाव आणि मोबाइल उघडा दिसला, तरच पैसे देण्याचा विचार सुरू करायचा. तेव्हासुद्धा पहिला पर्याय असा की पुढच्या वर्षी नाव अशा रजिस्ट्रारकडे हलवायचं जो हे फुकट देतो. असे बरेच आहेत.

आता तिसरा प्रकार. काही वेळा `REDACTED` ऐवजी मालकाच्या जागी चक्क एखाद्या कंपनीचं नाव दिसतं आणि तिचा परदेशातला पत्ता. हे वेगळं प्रकरण आहे आणि दोन्हींना बाजारात 'प्रायव्हसी' हा एकच शब्द वापरतात, तिथेच घोळ होतो. पहिल्या प्रकारात नोंद तुमचीच राहते, फक्त दाखवत नाहीत. या प्रकारात कागदावर मालक ती कंपनीच असते, आणि तिने तुम्हाला नाव वापरायला दिलेलं असतं. याला प्रॉक्सी म्हणतात. कोकणात हे समजावून सांगायची गरज नाही. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर दुसरा, यावरून आपल्याकडे तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढल्यात. सगळं सुरळीत असतं तोवर प्रॉक्सीचा काही त्रास नाही. २००७ साली रजिस्टरफ्लाय नावाचा अमेरिकी रजिस्ट्रार कोलमडला आणि आयकॅनने त्याची मान्यता काढून घेतली, तेव्हा ज्यांनी त्याचीच प्रायव्हसी सेवा घेतली होती ते सगळ्यात जास्त अडकले. नोंदीत मालक म्हणून त्यांचं नावच नव्हतं. त्यानंतर नियम सुधारले. आता रजिस्ट्रारची स्वतःची अशी सेवा असेल तर आतल्या खऱ्या ग्राहकाची माहिती तिसऱ्या जागी राखीव ठेवावी लागते. पण ही राखीव माहितीसुद्धा आत जे लिहिलंय तीच असणार. आत चुकीचं नाव असेल तर चुकीचंच नाव जपून ठेवलं जाईल.

डॉट इनचं आटोपतो. हे नाव भारताचं, दप्तर निक्सी या संस्थेकडे. तिथे प्रॉक्सी किंवा प्रायव्हसी सेवा लावायला परवानगीच नाही. पण निक्सी स्वतःच नाव, पत्ता, फोन आणि ईमेल उघड दाखवत नाही. संस्था, राज्य आणि देश एवढंच दिसतं. म्हणजे डॉट इनवर जी प्रायव्हसी तुम्हाला विकतायत ती लावता येत नाही, आणि लावायची गरजही नाही. त्या ओळीचे पैसे कशाचे, असं त्या माणसाला शांतपणे विचारा. बऱ्याचदा त्यांच्या बिल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती खूण प्रत्येक नावाला आपोआप लागलेली असते, माणूस मुद्दाम फसवतच असतो असं नाही.

संस्थेच्या रकान्याबद्दल मात्र सावध राहा, तो `Registrant Organization` नावाने दिसतो. फॉर्म भरताना लोक नावाच्या जागी 'अमुक तमुक' लिहितात, आणि संस्थेची जागा रिकामी कशी ठेवायची म्हणून तिथेही पुन्हा 'अमुक तमुक'च लिहितात. नावाचा रकाना झाकला जातो, संस्थेचा राहतो उघडा. इकडे झाकण आणि तिकडे खिडकी सताड. शिवाय डॉट कॉमसारख्या नावांसाठी ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या धोरणात, संस्थेचं नाव भरून त्याला दुजोरा दिला असेल तर मालक म्हणून ती संस्थाच धरली जाते. म्हणून तिथे होमस्टेचं नाव टाका, नाहीतर रिकामं ठेवा. वेबसाइटवाल्याच्या फर्मचं नाव तिथे असेल तर ते आजच्या आज काढायला सांगा.

आता तुमच्या फोनकडे. पुढचा फोन आला की तो माणूस काय म्हणतो ते नीट ऐका. त्याने तुमच्या डोमेनचा उल्लेख केला, डॉट कॉमसकट, आणि वेबसाइट उभी राहायच्या आधीच, तर त्याला माहिती बहुधा नोंदीतून मिळाली. त्याने होमस्टेचं नाव घेतलं आणि डोमेनचा पत्ताच नसेल, तर नंबर गूगल मॅप्सवरून किंवा बुकिंगच्या एखाद्या यादीवरून उचललाय, आणि डोमेनवर कितीही झाकणं लावलीत तरी ते फोन थांबणार नाहीत. तिसरी शक्यता मला सांगायला आवडत नाही, पण घडते. `lookup.icann.org` वर सगळं झाकलेलं आहे, तरी नाव घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी डोमेनचं नाव घेऊन फोन आला. मग ती माहिती ज्यांच्या हातून गेली अशा मोजक्याच जागा उरतात, आणि त्यातली एक तुमच्याकडे प्रायव्हसीचे पैसे मागतेय.

हे पक्कं करायचा एक साधा उपाय मी वापरतो. नोंदीसाठी ईमेल देताना जीमेलच्या पत्त्यात अधिकचं चिन्ह घालून एक शेपूट जोडायचं, `naav+domain@gmail.com` असं. पत्र तुमच्या नेहमीच्याच पेटीत येतं, पण शेपटावरून कळतं की हा पत्ता फक्त डोमेनच्या नोंदीतच दिला होता. त्या पत्त्यावर जाहिरात आली की गळती कुठून आहे हा प्रश्न राहत नाही. त्याच वाटेने 'चीनमधली एक कंपनी तुमचं नाव घेतेय, लवकर कळवा' किंवा 'तुमच्या डोमेनची नोंदणी संपतेय, एवढे डॉलर भरा' अशी पत्रं येतील. दोन्ही जुन्या फसवणुकी आहेत, उत्तर देऊ नका. नूतनीकरणाचे पैसे फक्त ज्याच्याकडून नाव घेतलं त्याच्या खात्यात शिरूनच भरायचे.

आणि समजा पहिला महिना तुमची नोंद खरंच उघडी होती. मग आज पैसे भरून झाकलीत तरी जुनी प्रत गेली नाही. हूइजच्या नोंदी रोज गोळा करून त्यांचा इतिहास विकणाऱ्या कंपन्या आहेत. पडवीत पाणी शिरल्यावर झाप बांधण्यासारखं ते आहे. पुढचा पाऊस अडेल, भिजलेलं भिजलेलंच.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पाहुण्यांना तुमच्या घरी यायचंय, म्हणजे पत्ता आणि फोन वेबसाइटवर तुम्हीच लिहिणार. जीएसटी नंबर असेल आणि तो तुम्ही पावतीवर छापलात, तर जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून कोणीही धंद्याचं कायदेशीर नाव आणि मुख्य जागेचा पत्ता बघू शकतो. जो पत्ता फाटकावरच्या पाटीवर रंगवलाय तो डोमेनच्या नोंदीत झाकायला वर्षाला ५९० देणं मला पटत नाही.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. झाकण बाहेरच्यांपासून माहिती लपवतं, तसंच ते तुमच्यापासूनही लपवतं. आत कोणाचं नाव आहे हे तुम्हालाही बाहेरून दिसत नाही.

देवगडचे एक बागायतदार, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. हापूसच्या पेट्या थेट मुंबई-पुण्याला पाठवतात. २०१४ साली भाच्याच्या एका मित्राने त्यांना डॉट कॉम काढून दिलं आणि साइट करून दिली. काका दरवर्षी त्याला पैसे पाठवत, त्यात प्रायव्हसीचे पाचशेच्या आसपास रुपये वेगळे. २०२२ च्या मार्चमध्ये, पहिल्या पेट्या भरायच्या आठवड्यात, साइट बंद आणि ऑर्डरचे ईमेल बंद. पेट्यांवर वेबसाइटचं नाव छापून तयार.

मला फोन केला तेव्हा काकांचा मुलगा म्हणाला, "मुदत संपलेली नाही, मी बघितलं, २०२३ ची तारीख आहे." ही चूक मी अनेकांकडून झालेली पाहिलीय, म्हणून सविस्तर सांगतो. डॉट कॉमची मुदत संपली की मुख्य दप्तरात ते नाव आपोआप एक वर्ष पुढे ढकललं जातं आणि रजिस्ट्रारला ४५ दिवसांपर्यंत निर्णय घ्यायला मुभा असते. या काळात मुख्य दप्तर पुढच्या वर्षाची तारीख दाखवतं, पण रजिस्ट्रारच्या नोंदीत तारीख उलटून गेलेली असते. मुलाने मुख्य दप्तराची तारीख वाचली होती. आज `lookup.icann.org` वर दोन्ही तारखा एकाच पानावर दिसतात. रजिस्ट्रारची ती खरी. दुसरी खूण म्हणजे नेमसर्व्हर. ते बदलून रजिस्ट्रारच्या जाहिरातींच्या पानाकडे वळलेले असले, की मुदत संपली समजायचं.

पैसे भरून टाकू म्हटलं तर कशात शिरून भरणार? खातं त्या मित्राचं. रजिस्ट्रारला लिहिलं. त्यांचं उत्तर सरळ होतं: नोंदीतल्या मालकाशिवाय आम्ही कोणाशी बोलू शकत नाही, आणि मालक कोण ते सांगूही शकत नाही. त्यांचं चुकलंय असं मला तेव्हाही वाटलं नाही. हाच तर त्या झाकणाचा अर्थ, आणि काका आठ वर्षं त्याचेच पैसे भरत होते. नोंदीत दिसणाऱ्या निनावी ईमेलवर पत्र टाकलं. उत्तर नाही. नंतर कळलं, ते पत्र वळून त्या मित्राच्या जुन्या फर्मच्या ईमेलवर जात होतं, आणि ती फर्म त्याने दोन वर्षांपूर्वीच गुंडाळली होती. मुदत संपायच्या महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी रजिस्ट्रारला मालकाला आठवण पाठवावीच लागते. दोन्ही पत्रं त्याच मेलेल्या पेटीत पडली होती.

मित्र आखातात नोकरीला गेला होता. भाच्याने तिथला नंबर मिळवला तोवर अडतीस दिवस झाले होते. माणूस भला, त्याने रात्रीच खात्यात शिरून नेहमीच्या दराने पैसे भरले. ४५ दिवसांच्या आत रजिस्ट्रारने नाव सोडून दिलं असतं, तर ते ३० दिवसांच्या 'रिडेम्प्शन'मध्ये गेलं असतं. तिथून परत आणायला नूतनीकरणाशिवाय वेगळा दंड पडतो, तोही हजारांत. त्यानंतर पाच दिवस कोणालाच हात लावता येत नाही, आणि मग नाव बाजारात. हापूसशी जोडलेलं आठ वर्षांचं नाव कोणीतरी त्याच मिनिटाला उचललं असतं.

मग खात्यात आत काय दिसलं? मालक: त्या मित्राचं नाव. संस्था: त्याची बंद फर्म. पत्ता: त्याच्या भाड्याच्या ऑफिसचा. काकांचं नाव कुठेच नव्हतं. वाईट हेतूने नव्हे, फॉर्म भरताना त्याच्या खात्यात त्याची माहिती आधीच भरलेली आली आणि त्याने 'पुढे' दाबलं. काका आठ वर्षं झाकायचे पैसे देत राहिले, आणि झाकलं जात होतं ते दुसऱ्याचं नाव. नोंद उघडी असती तर पहिल्याच वर्षी मुलाने पाहून विचारलं असतं.

मालकाचं नाव बदललं आणि तिथे एक अडचण आली, ती तुम्हालाही येऊ शकते. मालकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदललं की नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायला ६० दिवसांची बंदी लागते. काही रजिस्ट्रार बदल करण्याआधीच 'ही बंदी नको' असं निवडू देतात, नंतर मात्र नाही. म्हणून आम्ही हंगामभर नाव तिथेच ठेवलं, मित्राने खात्याचा ताबा काकांच्या मुलाला दिला, आणि जूनमध्ये, आंबा संपल्यावर, हलवलं.

तुमची नावं नवी आहेत, म्हणून तुम्हाला हे आत्ताच तपासणं सोपं आहे. नाव घेतल्यावर रजिस्ट्रारला १५ दिवसांत मालकाच्या ईमेलची किंवा फोनची खात्री करावी लागते. सहसा ईमेलवर एक दुवा येतो आणि तो दाबावा लागतो, नाही दाबला तर नाव बंद पडतं. तुम्हाला असं पत्र आलं होतं का, आठवा. आलं नसेल, कोणी ओटीपी विचारला नसेल, आणि महिना उलटून साइट चालूच असेल, तर ती खात्री दुसऱ्या कोणाच्या तरी पत्त्यावर झालीय. तुमच्या माणसाचा ईमेल त्या रजिस्ट्रारकडे आधीपासूनच खात्रीचा असेल तर नवं पत्र जातही नाही.

दुसरी तपासणी: तुमच्या दुसऱ्याच एखाद्या ईमेलवरून त्या नोंदीतल्या निनावी पत्त्यावर किंवा फॉर्मवर चार ओळींचं पत्र टाका. ते फिरून तुमच्या पेटीत आलं तर आत तुमचा ईमेल आहे. आलं नाही तर स्पॅममध्ये बघा, आणि मग त्या माणसाला फोन करून 'काही पत्र आलं का हो' असं सहज विचारा. त्याला आलं असेल तर उत्तर मिळालंच. कोणालाच आलं नसेल तर पत्र पुढे पाठवणारी व्यवस्थाच मेलेली असू शकते, आणि ते आणखी वाईट, कारण कायदेशीर नोटिसासुद्धा त्याच वाटेने येतात. एवढं करूनही खात्यात शिरून मालकाचं पान डोळ्यांनी बघणं हेच अंतिम. त्याच्या स्क्रीनचा फोटो चालणार नाही, तुमचा स्वतःचा लॉगिन मागा.

आत काय असावं? नाव तुमचं. फोन चालू असलेला, तुमचाच. खोटा नंबर टाकून फोन चुकवायची कल्पना अनेकांना सुचते, पण मुद्दाम खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं, किंवा चौकशीला १५ दिवसांत उत्तर दिलं नाही, तर नाव काढून घेता येतं. आणि ईमेल त्याच डोमेनचा नको. `info@` तुमचंच-नाव असा ईमेल दिला आणि नाव बंद पडलं, तर ते सुरू करायची पत्रं ज्या पेटीत येणार ती पेटीही त्याच्याबरोबर बंद.

पैसे देऊन झाकण घ्यावं असे लोक आहेत, नाही असं नाही. एखाद्या प्रकल्पाविरोधात गावात राहून लिहिणारी व्यक्ती, एकटी राहणारी आणि घरून काम करणारी बाई, जिचा पत्ता साइटवर कुठेच नाही, आणि जिच्या रजिस्ट्रारकडे नोंद उघडी दिसते. त्यांनी जरूर घ्यावं, पण ते कशापासून वाचवतं हे ओळखून. शेजारी, चिडलेला वाचक आणि जाहिरातवाला यांच्यापासून वाचवतं. कोर्टाचा आदेश, पोलिसांची नोटीस किंवा ट्रेडमार्कवरून डोमेनच्या लवादात गेलेली तक्रार आली की सेवा देणारा नाव उघड करतो, आणि ते त्याच्या अटींमध्ये लिहिलेलंच असतं. लपायचं असेल तर इतर फटीही बघाव्या लागतात. एक सांगतो, सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कॉम्प्युटरच्या टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्या:

```
dig +short SOA tumchenaav.com
```

उत्तरातला दुसरा शब्द हा खरं तर ईमेल असतो, @ च्या जागी टिंब घालून लिहिलेला. काही होस्टिंगवर तिथे खातं उघडताना दिलेला तुमचा स्वतःचा ईमेल आपोआप जाऊन बसतो. हूइज झाकलं, आणि पत्ता डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून साइट शोधून देणाऱ्या यादीत, उघडा. होस्टिंगवाल्याला सांगून तो बदलता येतो, फुकट.

आणि हेच झाकण उद्या तुमच्या विरुद्धही उभं राहू शकतं. किनाऱ्यावरच्या होमस्टेंच्या नावाने खोट्या साइट काढून पाहुण्यांकडून आगाऊ पैसे घेणारे लोक आहेत, आणि त्यांच्या नोंदीही झाकलेल्याच असणार. तेव्हा मालक शोधत बसू नका. त्याच पानावर रजिस्ट्रारचा तक्रारीचा ईमेल आणि फोन असतो, तो झाकता येत नाही. खोट्या साइटचे पत्त्यासकट फोटो, तुमच्या खऱ्या साइटचा पत्ता आणि फसलेल्या पाहुण्याची पावती जोडून तिथे लिहा. एप्रिल २०२४ पासून फिशिंगसारख्या प्रकारात पुरावा मिळाल्यावर कारवाई करणं रजिस्ट्रारवर करारानेच बंधनकारक आहे. पैसे गेलेल्या पाहुण्याला लगेच १९३० वर फोन करायला सांगा.

तुमच्या बिलापुरतं म्हणाल तर दोन्ही ओळी काढायला सांगा आणि त्याच फोनमध्ये दोन्ही नावांचा लॉगिन मागा. 'लॉगिन देतो की, कधीही घ्या' असं तो म्हणाला तर माणूस ठीक आहे, पण घ्या आजच. 'त्याची काय गरज, मी आहे ना' असं म्हणाला, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्या पानावर तुमचं नाव लावून घ्या.